याद्या एकत्र करताना दोन विद्यार्थ्यांचा नोंदणी क्रमांक एकच निघाला तर काय तपासायचं

एक्सेलमध्ये प्रवेश यादी आणि गुणयादी जोडताना हा घोळ पुन्हा पुन्हा होतो आणि बहुतेक वेळा निकालाच्या घाईतच लक्षात येतो. खालचा तपासाचा क्रम मुद्दाम सोप्याकडून अवघडाकडे ठेवला आहे. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना कागद आणि अर्धा तास सोडून काहीच लागत नाही, आणि बरीच प्रकरणं तिथेच सुटतात.

लक्षणं

क्रमांकाच्या रकान्यावर क्रम लावला की एकच क्रमांक असलेल्या दोन ओळी शेजारी येतात, पण नावं वेगळी असतात. `VLOOKUP` ने आणलेले गुण त्या दोघांना अगदी सारखे दिसतात. याद्या `VLOOKUP` ऐवजी पॉवर क्वेरीने जोडल्या असतील तर दोन ओळी वाढतात. एकच क्रमांक दोन्ही याद्यांत दोनदा असेल तर दोन गुणिले दोन अशा चार ओळी होतात, आणि १८६ विद्यार्थ्यांची यादी १८८ ची होऊन बसते. काही वेळा क्रमांक `2.30015E+15` असा दिसतो.

आणखी एक लक्षण याच्या उलट दिशेचं आहे, आणि माणूस त्यानेच जास्त घाबरतो. `COUNTIF` लावून पाहावं तर जवळजवळ सगळी यादीच दुबार निघते. कुणापुढे ७, कुणापुढे ९, कुणापुढे १०. हे लक्षण दिसलं तर यादीला लगेच हात लावू नका, त्याचा खुलासा पुढे येतो.

आधी हे करू नका

`Remove Duplicates` दाबू नका. त्या बटणाला नावाशी देणंघेणं नाही. फक्त क्रमांकाचा रकाना निवडलेला असेल तर ते दुसरी ओळ सरळ काढून टाकतं, आणि एक विद्यार्थी यादीतून नाहीसा होतो. तसंच, क्रमांकाच्या कोपऱ्यात हिरवे त्रिकोण दिसत असतील तर तिथल्या पर्यायांतलं `Convert to Number` निवडू नका. तो त्रिकोण एवढंच सांगतो की हे अंक मजकूर म्हणून साठवले आहेत, आणि लांब नोंदणी क्रमांकासाठी ते तसेच असायला हवेत.

दोन्ही मूळ फाइलींची प्रत काढा, नावात तारीख घाला आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा.

एका महाविद्यालयातलं उदाहरण

हे उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. प्रथम वर्षाचे १८६ विद्यार्थी. कार्यालयातल्या लिपिक मॅडमकडे प्रवेश यादी होती: क्रमांक, नाव, जन्मतारीख, प्रवेश अर्ज क्रमांक. परीक्षा विभागातून अंतर्गत गुणांची यादी आली. शिक्षकांनी ती कार्यालयाने आधी पाठवलेल्या यादीवरच भरली होती. मॅडमनी `VLOOKUP` ने गुण ओढले. कुठेही `#N/A` आलं नाही, १८६ पैकी १८६ जणांना गुण मिळाले. नंतर क्रमांकानुसार क्रम लावला तेव्हा ९ आणि १० या ओळी शेजारी आल्या, दोन्हींवर `2300145600071840` आणि दोन्हींपुढे ३४ गुण. नाव एका मुलीचं आणि एका मुलाचं.

मॅडमनी परीक्षा विभागात फोन केला. तिथले सर म्हणाले, "अहो मॅडम, तो मुलगा तर गैरहजर होता. त्याला चौतीस कुठून आले?"

चौतीस मुलीचे होते. `VLOOKUP` वरून खाली शोधत जातं आणि पहिला जुळणारा क्रमांक सापडला की थांबतं. गुणयादीत `2300145600071840` पहिल्यांदा मुलीच्या ओळीत होता. मुलासाठी शोध घेतला तेव्हाही तीच ओळ सापडली, आणि खाली त्याच्या स्वतःच्या ओळीत लिहिलेल्या `AB` पर्यंत शोध पोहोचलाच नाही. म्हणूनच `#N/A` न येणं हा याद्या बरोबर जुळल्याचा पुरावा धरू नये.

पहिला तपास: माणसं खरंच दोन आहेत का?

संगणकाआधी कागद. दोन्ही प्रवेश अर्ज काढा आणि जन्मतारीख, आईचं नाव, प्रवेश अर्ज क्रमांक ताडून पाहा. एकाच विद्यार्थिनीचं नाव एका ठिकाणी आडनावाने आणि दुसऱ्या ठिकाणी पहिल्या नावाने सुरू झालेलं असू शकतं. प्रवेश रद्द करून शाखा बदलून पुन्हा घेतलेला असला की दोन अर्ज असतात, माणूस एकच असतो. तसं निघालं तर क्रमांक बरोबरच आहे, फक्त रद्द झालेली जुनी नोंद यादीत राहून गेली आहे. कोणता प्रवेश चालू आहे ते अर्जावरच्या शेऱ्यावरून ठरवा, ओळीच्या क्रमावरून ठरवू नका.

उदाहरणात जन्मतारखा वेगळ्या होत्या, आईची नावं वेगळी होती. माणसं दोनच.

दुसरा तपास: शेवटचा अंक गेला आहे का?

या तपासावर जास्त वेळ घालवा, कारण १६ अंकी क्रमांकात सगळ्यात जास्त घोळ इथेच असतो. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच अचूक ठेवतं. सोळावा अंक टाइप केला की त्या जागी शून्य बसतं. इशारा येत नाही, लाल रंग होत नाही. म्हणून ज्यांचे पहिले १५ अंक सारखे आहेत असे दहा विद्यार्थी एक्सेलच्या नजरेत एकच होऊ शकतात.

यादीच्या उजवीकडे एक मदतीचा रकाना घ्या आणि लिहा:

```
=ISTEXT(B2)
```

हे शेवटच्या ओळीपर्यंत ओढा. `TRUE` म्हणजे क्रमांक मजकूर म्हणून साठवला आहे आणि सगळे अंक शाबूत राहण्याची सोय आहे. `FALSE` म्हणजे तो संख्या झाला आहे. फिल्टर लावून फक्त `FALSE` ओळी पाहा. त्या सगळ्यांचा शेवट शून्याने होत असेल तर निदान झालं.

इथे एक छोटी अडचण येते. नवा रकाना क्रमांकाच्या रकान्याला लागूनच घातला तर तो शेजारचा `Text` हा प्रकार उचलतो आणि उत्तराऐवजी सूत्रच अक्षरशः दिसतं. त्या रकान्याचा प्रकार `General` करा, मग पेशीत `F2` दाबून `Enter` करा आणि पुन्हा खाली ओढा.

उदाहरणात १८२ ओळी `TRUE` आल्या आणि चार `FALSE`. त्या चारही उशिरा प्रवेश घेतलेल्यांच्या होत्या. बाकीची यादी विद्यापीठाच्या फाइलमधून आली होती, ही चार नावं मागाहून हाताने टाइप केली होती. विद्यापीठाच्या छापील यादीवर त्यांचे क्रमांक असे होते:

```
छापील यादीत              एक्सेलमध्ये
2300145600071843    2300145600071840
2300145600071846    2300145600071840
2300145600071851    2300145600071850
2300145600071867    2300145600071860
```

पहिले दोन एकमेकांवर आले म्हणून नजरेला पडले. पण चुकीचे क्रमांक चार आहेत. 1851 आणि 1867 यांचा शेवटचा अंकही गेलाच आहे, फक्त त्यांची कुणाशी टक्कर झाली नाही म्हणून ते गप्प बसले. दुबार दिसलेल्या दोन ओळी सुधारून फाइल बंद केली असती तर हे दोघं चुकीच्या क्रमांकाने निकालात गेले असते. शिवाय शेवटी 50 किंवा 60 असलेला क्रमांक विद्यापीठाच्या नोंदीत दुसऱ्याच कुणाचा तरी असू शकतो, तेव्हा नुकसान या यादीपुरतं राहत नाही. म्हणून दुबार किती याच्याआधी `FALSE` किती ते मोजा.

दुरुस्ती

संख्या झालेल्या पेशींचा प्रकार आता `Text` केला म्हणून गेलेला अंक परत येत नाही. तो फाइलमध्ये उरलेलाच नाही. तो छापील यादी, प्रवेश अर्ज किंवा मूळ निर्यात यांतूनच आणावा लागतो.

आधी पेशी निवडून प्रकार `Text` करा, मग क्रमांक टाइप करा. हा क्रम उलटला तर शून्य पुन्हा बसतं. एखाददुसराच क्रमांक असेल तर सुरुवातीला `'` हे चिन्ह देऊन टाइप केला तरी चालतं, ते छापताना दिसत नाही. दुसरीकडून चिकटवत असाल तर `Match Destination Formatting` निवडा, नाहीतर चिकटवताना पेशीचा प्रकार पुन्हा बदलू शकतो. टाइप झाल्यावर एकाने कागदावरचा क्रमांक मोठ्याने चार-चार अंक वाचावा आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावं. एकट्याने कागद आणि पडदा यांच्यात नजर फिरवली की शेवटच्या चार अंकांतच चूक निसटते.

ही दुरुस्ती दोन्ही याद्यांत करायची. उदाहरणात गुणयादी प्रवेश यादीवरूनच बनली होती, त्यामुळे तेच चार बिघडलेले क्रमांक तिथेही होते. एकाच बाजूला सुधारलं असतं तर `VLOOKUP` ने त्या चौघांपुढे `#N/A` दाखवलं असतं. ते निदान दिसलं तरी असतं, पण घाईत माणूस `#N/A` च्या जागी हाताने गुण भरतो आणि मग ती चूक शोधणं फार जड जातं. गुणयादीतली 1840 ची कोणती ओळ मुलीची आणि कोणती मुलाची हे तिथल्या नावावरून ठरवा. गुणयादीत नाव नसेल तर शिक्षकांनी सही केलेलं मूळ गुणपत्रक मागवा. अंदाजाने वरची हिची, खालची त्याची असं करू नका.

तिसरा तपास: दुबार मोजणारं सूत्रच चुकत नाही ना?

चारही क्रमांक सुधारले, सगळे `TRUE` झाले. आता खात्री करावी म्हणून मॅडमनी `COUNTIF` लावलं, आणि जवळपास सगळ्या ओळींपुढे एकापेक्षा मोठा आकडा आला. कितीतरी ठिकाणी दहा.

यादी ठीक होती. `COUNTIF` ला मजकूर दिला तरी तो अंकांसारखा दिसला की ते त्याची संख्या करूनच तुलना करतं, आणि संख्या झाली की पुन्हा १५ अंकांची मर्यादा आली. सलग दिलेल्या क्रमांकांत दहा-दहा जणांचे पहिले १५ अंक सारखेच असतात, म्हणून दहा. `SUMIF` चंही असंच होतं. दुबार ओळींना रंग देणारी `Duplicate Values` ची सोयही इथे भरवशाची नाही. मजकूर मजकुरासारखाच ताडायचा तर हे वापरा:

```
=SUMPRODUCT(--($B$2:$B$187=B2))
```

इथे १८६ विद्यार्थी म्हणून २ ते १८७ या ओळी घेतल्या आहेत, तुमच्या यादीप्रमाणे बदला. उत्तर १ म्हणजे क्रमांक एकदाच आहे. २ किंवा जास्त म्हणजे खरोखर दुबार. उदाहरणात सगळीकडे १ आलं.

`VLOOKUP` ला ही खोड नाही. दोन्हीकडे मजकूर असेल आणि शेवटी `FALSE` दिलेलं असेल तर ते सोळाच्या सोळा अंक जुळवतं. शेवटचं `FALSE` गाळलं मात्र तर ते जवळपासची ओळ उचलू शकतं, म्हणून ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या:

```
=VLOOKUP(B2,गुण!$B$2:$D$187,3,FALSE)
```

चौथा तपास: लपलेल्या मोकळ्या जागा

याने दुबार तयार होत नाही, उलट खरं दुबार लपतं. वेबपानावरून उचललेल्या क्रमांकामागे एक न दिसणारी जागा येते आणि `SUMPRODUCT` त्या दोघांना वेगळं समजतं. `=LEN(B2)` लावा. १६ च्या जागी १७ आलं की समजा. नुसतं `TRIM` पुरत नाही, कारण वेबपानावरची जागा वेगळ्या प्रकारची असते:

```
=TRIM(SUBSTITUTE(B2,CHAR(160),""))
```

आलेलं उत्तर `Text` प्रकारच्या रकान्यात `Values` म्हणून चिकटवा, आणि मग तिसरा तपास पुन्हा एकदा.

पाचवा तपास: एकच रकाना सरकला आहे का?

क्रम लावताना एक्सेल विचारतं की शेजारचे रकानेही सोबत न्यायचे का. तिथे `Continue with the current selection` निवडलं की क्रमांक हलतात आणि नावं जागेवर राहतात. याची खूण वेगळी आहे: एकदोन नव्हे, अर्ध्याहून अधिक ओळींत नाव आणि क्रमांक जुळत नाहीत. वरून, मधून आणि खालून पाच-पाच ओळी छापील यादीशी ताडा. सरकलेलं दिसलं तर ही फाइल दुरुस्त करत बसू नका, आधीची प्रत उघडा.

सहावा तपास: मूळ फाइल

`FALSE` ओळी चारदोन नसून सगळ्याच असतील तर यादी कुणीतरी दोनदा क्लिक करून सीएसव्ही म्हणून उघडली असणार. सीएसव्हीत पेशीचा प्रकार साठवलेला नसतो, त्यामुळे उघडताना एक्सेल सगळे क्रमांक संख्या करून टाकतं. सेव्ह न करता बंद केलं असेल तर मूळ फाइल शाबूत आहे. सेव्ह केलं असेल तर सोळावा अंक त्या फाइलमधून कायमचा गेला, पोर्टलवरून नव्याने उतरवून घ्या.

नवी फाइल थेट उघडू नका. कोरं वर्कबुक उघडून `Data` मध्ये `From Text/CSV` निवडा, समोर आलेल्या खिडकीत `Data Type Detection` पाशी `Do not detect data types` ठेवा आणि मग आत घ्या. अंक शाबूत आहेत का ते नोटपॅडमध्ये तीच फाइल उघडून एका नजरेत कळतं. नोटपॅड अंकांना हात लावत नाही, म्हणून वाद मिटवायला तेच चांगलं.

इथे थांबा

वरचं सगळं झालं, छापील यादीवर आणि विद्यापीठाच्या मूळ नोंदीतही दोघांचा क्रमांक सोळाही अंकांनिशी एकच आहे, आणि माणसं दोन आहेत. मग हे काम कार्यालयाच्या हातातलं राहत नाही. नोंदणी क्रमांक देणारं जे कार्यालय आहे, बहुधा विद्यापीठाचा नोंदणी विभाग, तेच तो बदलू शकतं. क्रमांकामागे ए-बी जोडणं, पुढचा मोकळा क्रमांक देणं, यातलं काहीही करू नका. असा क्रमांक परीक्षा अर्जात जातो, मग गुणपत्रिकेत, आणि पदवीच्या वेळी कुठल्याच नोंदीशी जुळत नाही.

आणखी काही प्रसंगी दुरुस्तीही स्वतः करू नका, आधी प्राचार्य आणि परीक्षा विभागाला लेखी कळवा: निकाल जाहीर झालेला असेल, गुणपत्रिका छापून गेली असेल, किंवा एकाचं शुल्क वा शिष्यवृत्ती दुसऱ्याच्या नावे जमा झाली असेल. तिथे यादी सुधारली तरी बाहेर गेलेला कागद सुधारत नाही. महाविद्यालयाच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्येच क्रमांक दुबार असेल तर ते चालवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. एका तक्त्यातला क्रमांक बदलला की शुल्क, हजेरी, ग्रंथालय अशा इतर नोंदींशी असलेला त्याचा दुवा तुटू शकतो.

पत्रासोबत दोन्ही प्रवेश अर्जांच्या प्रती, क्रमांक आला त्या यादीचं पान, दोघांच्या जन्मतारखा आणि प्रवेशाच्या तारखा, आणि तो क्रमांक आतापर्यंत कोणकोणत्या कागदावर वापरला गेला त्याची यादी द्या. ही शेवटची यादी दिली नाही तर विभागाकडून पहिला प्रश्न त्याचाच येतो आणि पत्रव्यवहारात दिवस जातात.

उत्तर येईपर्यंत याद्या जोडायच्याच असतील तर नोंदणी क्रमांकाऐवजी प्रवेश अर्ज क्रमांकावर जोडा. तोही आधी वरच्या `SUMPRODUCT` ने तपासून घ्या. नोंदणी क्रमांकाचा रकाना आहे तसाच ठेवा, शेजारी शेऱ्याचा रकाना करून त्या दोन ओळींपुढे "क्रमांक दुबार, विद्यापीठाला कळवले" असं लिहून पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख टाका. दोघांचे गुण सूत्राने ओढू नका, सही असलेल्या गुणपत्रकावरून हाताने भरा आणि भरणाऱ्याची व तपासणाऱ्याची अशा दोन सह्या छापील प्रतीवर घ्या.